केशरी जर्दाळू सोडून आठ महिने झाले: दम्याच्या माणसाचा अनुभव

मला लहानपणापासून दमा आहे. धूळ आणि थंडी हे माझे ठरलेले शत्रू. सुकामेवा मात्र कधी संशयात नव्हता. गेल्या दिवाळीत घरी आलेल्या डब्यातले पाच-सहा केशरी, मऊ जर्दाळू मी टीव्ही बघताना खाल्ले. दहा मिनिटांत कोरडा खोकला सुरू झाला आणि मग छाती वाजू लागली. फुंकर मारून बघायच्या पीक फ्लो मीटरवर माझा आकडा एरवी ३८०च्या आसपास असतो, तो २९०वर आला. इन्हेलरने अर्ध्या तासात बरं वाटलं. पण पंधरा दिवसांनी पिवळे बेदाणे खाल्ल्यावर पुन्हा तेच झालं, तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी पहिला प्रश्न रंगाचा विचारला. जर्दाळू केशरी आणि बेदाणे सोनेरी राहावेत म्हणून त्यांना गंधकाची धुरी देतात किंवा सल्फाइटच्या पाण्यात बुडवतात. चावताना आणि पोटातल्या आम्लात त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. तो श्वासात गेला की काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिका आकसतात. दम्याच्या सगळ्यांनाच हा त्रास होत नाही, थोड्यांनाच होतो. त्वचेवरच्या ॲलर्जी चाचणीत तो बहुधा दिसत नाही, आणि खाऊन बघायची चाचणी दवाखान्यात देखरेखीखालीच करायची.

आता मी तपकिरी, जवळजवळ काळपट दिसणारे जर्दाळू आणते. चव गुळासारखी, पोत जरा चिवट. बेदाण्यांऐवजी काळ्या मनुका. काळा रंग म्हणजे सल्फाइट नाहीच असं मात्र नाही, म्हणून पाकिटावरचे घटक वाचतेच. ‘प्रिझर्व्हेटिव्ह’पुढे २२० ते २२८ यांतला आकडा किंवा सल्फाइट हा शब्द असेल तर ठेवून देते. सुट्या मालावर हे काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून तो घेणं बंद केलं. खजूर, अक्रोड, बदाम यांनी मला कधी त्रास झाला नाही.

धुण्याबद्दल स्पष्ट लिहिते, कारण माझी चूक तिथेच झाली. केशरी जर्दाळू दोन तास कोमट पाण्यात भिजवून, दोनदा पाणी बदलून तीनच खाल्ले. खोकला आलाच. धुण्याने वरवरचा आणि मोकळा सल्फाइट कमी होतो, पण बराचसा फळातल्या साखरेला धरून बसलेला असतो, तो निघत नाही. ज्याला झटका येऊन गेलाय त्याने धुण्याच्या भरवशावर राहू नये. घरात बाकीच्यांसाठी मी पिवळे बेदाणे आजही कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी फेकते. शिऱ्यात भिजवलेलं पाणी वापरायची आमची जुनी सवय त्यामुळे सुटली. बेदाणे उकळताना मी भांड्यावर वाकत नाही, वाफेतूनही वायू येतो.

एक गैरसोय आहे. बिनगंधकाचा माल लवकर खराब होतो. पावसाळ्यात माझ्या जर्दाळूंना डब्यात बुरशी आली होती. तेव्हापासून पाव किलोच आणते आणि फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवते. या आठ महिन्यांत सुक्यामेव्याने त्रास झालेली एकच वेळ, ती वर सांगितलेली धुतलेल्या जर्दाळूंची.