आठ महिने, एक एकनळी दुर्बीण आणि खंड्याची फांदी

फोनला लावायची टेली लेन्स म्हणून मी जी वापरतोय ती खरं म्हणजे 8x42 ची एकनळी दुर्बीण आहे. डोळा लावायच्या बाजूला एक क्लॅम्प बसतो, त्यात फोन अडकवायचा, आणि दुर्बीण ट्रायपॉडवर. आठ महिन्यांत बहुतेक सकाळी ती पाण्याकाठी किंवा झाडाखाली उभी होती. आधी 2x ची छोटी क्लिप लेन्स होती. तिने पक्षी इतका कमी जवळ येतो की ती मी महिन्याभरात बाजूला ठेवली. पुढचं सगळं या दुर्बिणीबद्दल आहे.

पहिले तीन आठवडे हाती काहीच लागलं नाही, आणि त्यात दुर्बिणीचा काही दोष नव्हता. दुर्बिणीतून दिसतं ते गोल असतं, म्हणून पडद्यावर मधे चित्र आणि भोवती काळी कडा येते. कडा घालवायला फोनवर थोडं झूम करावं लागतं, माझ्या जोडीला पावणेदोन पट. अडचण नेमकी इथेच होती. ठरावीक झूमच्या पुढे किंवा उजेड बदलला की फोन आपणहून एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. दुर्बीण मात्र मुख्य कॅमेऱ्यासमोरच बसलेली असते. मग पडदा एकदम काळा पडतो किंवा क्लॅम्पची कड दिसते, आणि तेवढ्यात पक्षी गेलेला असतो. उपाय सेटिंगमध्ये आहे: व्हिडिओ चालू असताना कॅमेरा बदलू नये असा पर्याय असेल तर तो चालू करायचा, नसेल तर प्रो मोडमध्ये मुख्य कॅमेरा हाताने निवडायचा. जवळचं टिपायचा मॅक्रो मोडही बंद हवा, कारण समोर काच आली की काही फोन तिकडेच वळतात.

फोकसचंही असंच. इथे दोन फोकस एकाच वेळी काम करत असतात, एक दुर्बिणीच्या कड्याचा आणि एक फोनचा. फोनचा मोकळा सोडला तर पान हललं, पाणी चमकलं की तो पुढेमागे होत राहतो, आणि आपण कडं फिरवून त्याच्या मागे धावत राहतो. आता माझी पद्धत ठरलेली आहे. दुर्बीण लावण्याआधी फोन लांबच्या झाडाच्या शेंड्यावर धरतो, तिथे बोट दाबून ठेवतो, AE/AF LOCK आलं की मग दुर्बीण बसवतो. पुढे फोकस फक्त कड्याने करायचा. ज्यांच्या फोनवर फोकसची पट्टी आहे त्यांनी ती अनंतावर नेऊन सोडावी, ते जास्त सोपं पडतं. मात्र या लॉकमध्ये एक्स्पोजरही अडकतं, त्यामुळे उजेड वाढला की ते पडद्यावर बोट सरकवून परत जुळवावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो हादरा समजून घेण्यात. ट्रायपॉड घट्ट, वारा नाही, तरी चित्र पाण्यात तरंगल्यासारखं डुलायचं. मी ट्रायपॉडवर शंका घेत होतो. मग एका सकाळी त्याच खुंटीचे दोन व्हिडिओ घेतले, एक फोनचं स्टॅबिलायझेशन चालू ठेवून आणि एक बंद करून. बंद केलेला स्थिर होता. कारण असं आहे की फोन आपल्या आतल्या जायरोवरून हात किती वळला ते मोजतो आणि तेवढंच चित्र उलट सरकवतो. समोर आठपट दुर्बीण आहे हे त्याला माहीतच नसतं. फोन जरा वळला तर पडद्यावर चित्र त्याच्या हिशेबाच्या आठपट सरकलेलं असतं, आणि तो दुरुस्ती करतो एकपटच. म्हणजे हातात धरून चित्रण करायचं तर स्टॅबिलायझेशन जवळपास निरुपयोगी, आणि ट्रायपॉडवर असताना ते स्वतःच चित्र हलवतं. बंद ठेवा. व्हिडिओ सुरू करायला पडद्याला बोट लावलं तरी पहिले दोनतीन सेकंद वाया जातात, त्यासाठी ब्लूटूथचं छोटं बटण घेतलं. ट्रायपॉडचे पाय फार उंच न करता त्याच्या मधल्या हुकला पिशवी लटकवली की वाऱ्यातही चालतं, फक्त पिशवी जमिनीला टेकेल इतकी खाली हवी, नाहीतर तीच झुलते.

आता खंड्या. हा छोटा निळा-नारिंगी खंड्या शेपटीसकट सोळा-सतरा सेंटीमीटरचा. माझ्या दुर्बिणीतून दिसणारं क्षेत्र सात अंशांचं आहे. काळी कडा काढल्यावर बारा मीटरवर माझी चौकट साधारण सव्वा मीटर रुंद आणि पाऊण मीटर उंच राहते. तिच्यात खंड्या रुंदीचा आठवा भाग व्यापतो. नुसत्या फोनने तेवढ्याच अंतरावरून अठरा मीटर रुंदीचं दृश्य येतं आणि पक्षी म्हणजे एक ठिपका. पण बारावरून सहा मीटरवर आलं की चौकट निम्मी होते आणि पक्षी थेट चौथा हिस्सा व्यापतो. हे मला कळलं तेव्हापासून मी जास्त पटीच्या दुर्बिणीच्या मागे लागणं सोडलं आणि सहा मीटरपर्यंत कसं पोचायचं याकडे लागलो.

खंड्याच्या मागे जाऊन उपयोग नाही. तो ठरलेल्या फांद्यांवर परत परत येतो, म्हणून फांदी शोधायची. पाण्यावर झुकलेल्या फांदीच्या टोकावर आणि तिच्या खालच्या पानांवर पांढरे ओघळ दिसले की ती वापरातली. मला अशी एक मिळाली, पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच. पहिल्या दिवशी पंचवीस मीटरवर बसलो. तो आला, अंग चोपून ताठ बसला, आणि ‘ची’ करून पाण्यालगत सरळ निघून गेला. हे चोपून बसणं लक्षात ठेवण्यासारखं आहे. निवांत खंड्या पिसं सैल सोडून, मान आखडून बसतो, चोच साफ करतो, पिसं विंचरतो. ते थांबलं आणि पिसं अंगाला चिकटली की त्याचं लक्ष पाण्याकडे नसून आपल्याकडे असतं. त्या दिवशी पुढे सरकायचं नाही. मी दर दोनतीन दिवसांनी दोनेक मीटर पुढे येत गेलो, नेहमी तो यायच्या आधी अंधारातच जाऊन बसायचं आणि तो फांदीवर नसतानाच उठायचं. सहा मीटरवर पोचायला पाच आठवडे लागले. एकदा तो चोचीत मासा धरून, त्याचं डोकं पुढे करून, एकाच दिशेला वारंवार जाताना दिसला. मासा स्वतः गिळताना तो डोकं आत घेतो, डोकं बाहेर म्हणजे पिल्लांसाठी. त्या काळात मी आठ दिवस तिथे गेलो नाही आणि त्या दिशेला कधीच गेलो नाही.

सहा मीटरवरून जे मिळालं ते मी अजून परत परत बघतो. मासा शेपटीकडून धरून त्याने फांदीवर डावीकडे-उजवीकडे आपटला, थांबून एका डोळ्याने पाहिला, पुन्हा दोनदा आपटला, मग चोचीतच फिरवला आणि डोक्याकडून गिळला. गिळताना पापणीच्या आत एक दुधी पडदा डोळ्यावरून सरकून गेला. 120 फ्रेम्सवर हे सगळं स्वच्छ दिसतं. 240 वर उजेड पुरत नाही, सकाळच्या वेळी चित्र दाणेदार होतं.

पण ह्याच जागेवरून बुडी मिळत नव्हती. तो डोकं दोनदा वरखाली करायचा, मी बटण दाबून तयार, आणि पुढच्या क्षणी चौकटीत नुसती हलणारी फांदी. खूप दिवसांनी हिशेब केला. सहा मीटरवर चौकट छत्तीस-सदतीस सेंटीमीटर उंच, आणि पाणी एक मीटर खाली. पाणी चौकटीत नव्हतंच! फांदी आणि पाणी दोन्ही हवं तर वीस मीटरवर जावं लागतं, तिथे चौकट एक मीटर वीस सेंटीमीटर उंच होते. पक्षी लहान दिसतो, रुंदीच्या तेराव्या भागाएवढा, पण सूर मारणं, पाणी फुटणं आणि वर येणं एका चित्रात बसतं. जवळ जायला घेतलेले पाच आठवडे बुडीसाठी उपयोगाचे नव्हते. 4के मध्ये घेऊन नंतर थोडं कापलं की वीस मीटरवरचंही चालून जातं.

खारीला इतके कष्ट नाहीत. ती आपल्याला पाहते, शेपटी झटकत ओरडते, आणि आपण हललो नाही तर दहाएक मिनिटांत कामाला लागते. तिच्यासाठी 60 फ्रेम्स लागतातच, 30 वर तिचे हात धुरकट येतात.

उणिवा स्पष्ट सांगतो. चित्राच्या कडा मऊ आहेत, आणि उजळ आकाशासमोर काळ्या फांदीला जांभळी किनार येते. म्हणून मी पक्षी मधे ठेवतो आणि मागे आकाशाऐवजी झाडी येईल अशी जागा घेतो. क्लॅम्पचा स्क्रू सहाव्या महिन्यात ढिला पडला, आता त्यात रबराची चकती आहे. दर वेळी फोन बसवताना कॅमेरा बरोबर नळीच्या मध्यावर आणायला दोन मिनिटं जातात, जरा सरकला की एका बाजूला काळी चंद्रकोर येते. उन्हात फोन तापून व्हिडिओ बंद पडतो, त्यावर पांढरं कापड टाकतो.

आणि ऊन चढल्यावर लांबचं चित्र मऊ झालं तर लेन्सला दोष देण्याआधी एक करून पाहा. तीच काडी सूर्योदयाला आणि दुपारी टिपा. दुपारच्या चित्रात तिची कड उकळल्यासारखी हलत असेल तर ती तापलेल्या जमिनीवरची हवा आहे, कुठल्याही फोकसने ती जात नाही. मी साडेनऊनंतर दहा मीटरपलीकडचं काही घेत नाही.

उडता पक्षी मात्र या जोडणीने माझ्या हाती आलेला नाही. सात अंशांच्या खिडकीतून तो शोधेपर्यंत गेलेला असतो. बगळा उठायच्या बेतात दिसला की मी दुर्बीण काढतो आणि नुसत्या फोनने घेतो, लहान दिसला तरी पूर्ण उड्डाण मिळतं.