तयार लट की हातचा रंग: संत्र्याच्या बागेतल्या चेहऱ्यावर करून पाहिलेली तुलना

डिसेंबरात माझा भाचा वरुडहून मोटारसायकलनं निघाला आणि मोर्शी, परतवाडा करत चिखलदऱ्याला जाऊन आला. फोनवर चाळीसेक शॉट घेतले. घरी आल्यावर कुठूनतरी विकत घेतलेल्या पॅकमधली एक 'वॉर्म सिनेमॅटिक' लट, म्हणजे व्हिडिओचे रंग बदलणारी तयार LUT फाइल, सगळ्या शॉटवर टाकली आणि लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. पहिलाच शॉट आंबिया बहाराच्या बागेतला. "मामा, आजोबाचं तोंड पाहा ना, संत्र्यावानी दिसून रायलं." फांदीवरचं फळ आणि म्हाताऱ्याचा गाल खरंच एका रंगाचे झाले होते, आणि झाडाखालची सावली म्हणजे नुसतं डांबर.

ही लट फेकून द्यायची, तिला वापरायची काही रीत आहे, की सगळं हातानं करायचं, एवढाच त्याचा प्रश्न होता. म्हणून चार शॉट निवडले आणि दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओचे रंग सुधारायच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत तिन्ही प्रकार करून पाहिले. सकाळची बाग, त्यात आजोबा पांढऱ्या टोपीत, तोंडावर पानांमधून आलेले उन्हाचे कवडसे. दुपारी कापूस वेचणाऱ्या बाया, उन्हात. एका घरातली चूल, भाकर थापणारी काकू, एका बाजूनं जाळाचा उजेड आणि वरून पांढरट एलईडी. आणि चिखलदऱ्याची संध्याकाळ, जिथे सूर्यानं आधीच सगळं सोनेरी केलंय.

लट जशीच्या तशी

लट म्हणजे रंगांचं एक कोष्टक. आत हा रंग आला तर बाहेर तो द्यायचा, एवढंच तिला कळतं. समोर चूल आहे की ऊन, हे तिला ठाऊक नसतं. म्हणून आत काय जातंय यावर सगळं अवलंबून. अशा पॅकमधल्या बऱ्याच लट लॉग चित्रणासाठी बनवलेल्या असतात. लॉग चित्र मुळात फिकट आणि धुरकट असतं, त्यामुळे त्याला ताणून गडद करायचं काम लटेतच भरलेलं असतं. भाच्याच्या फोननं साधं Rec.709 चित्र दिलेलं, म्हणजे ते आधीच गडद आणि रंगीत. त्यावर लटेनं दुसऱ्यांदा ताण दिला. सावली दबली ती त्यामुळे, आणि गालावरचा लाल-पिवळाही त्याच ताणात भडकला.

लट कोणत्या चित्रासाठी आहे हे पॅकसोबतच्या मजकुरात लिहिलेलं नसेल, तर दहा सेकंदांत तपासता येतं. जनरेटरमधून Grey Scale टाइमलाइनवर ओढायचा, त्यावर लट लावायची आणि वेव्हफॉर्म, म्हणजे चित्राच्या उजळपणाचा आलेख, पाहायचा. लटेशिवाय तिथे एक सरळ तिरपी रेघ दिसते. लट लावल्यावर ती वाकली तर हरकत नाही. पण डावीकडे बराच भाग तळाशी सपाट पडला, तर तेवढ्या छटा या लटेत कायमच्या बुडतात. भाच्याच्या लटेत रेघेचा डावीकडचा साधारण सहावा हिस्सा सपाट होता. चुलीमागची भिंत, आजोबांचे केस आणि झाडाची साल त्याच हिश्श्यात बसत होती.

चारही शॉटवर निकाल वेगवेगळा आला. कापसाचा शॉट त्यातल्या त्यात बरा, कारण तिथे सावलीच कमी. चुलीच्या शॉटमध्ये भिंत गेली, काकूचे केस अंधारात मिसळले. चिखलदरा सगळ्यात वाईट, कारण सूर्यानं दिलेल्या उबेवर लटेनं आणखी तेवढीच चढवली. चारही शॉटवर एकच लट असूनही व्हिडिओ एकसारखा दिसत नव्हता, तो याचमुळे.

आधी जुळवणी, मग अर्धी लट

दुसऱ्या प्रकारात लट तीच, फक्त तिची जागा आणि जोर बदलला. रिझॉल्व्हमध्ये एकेक दुरुस्ती एकेका नोडमध्ये बसते, आणि या नोडची पाटी Clip वरून Timeline वर नेता येते. लट तिथे एकदाच लावली, म्हणजे ती प्रत्येक शॉटच्या स्वतःच्या दुरुस्तीनंतर येते. मग Key पॅनेलमध्ये Key Output चा Gain 1 वरून 0.45 वर आणला. लट निम्म्याहून थोडी कमी लागली आणि तळाचा सपाटपणाही तेवढा सुटला. पूर्ण सुटला नाही, हे खरं.

खरं काम त्याआधीच्या जुळवणीत आहे. प्रत्येक शॉट लटेपर्यंत साधारण एकाच अवस्थेत पोचला पाहिजे. बागेतल्या शॉटमध्ये आजोबांची टोपी हाताशी होती. पण ती सावलीत, आणि सावलीतलं पांढरं आकाशामुळे निळसर दिसतं. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणाऱ्या पॅरेड आलेखात टोपीचा निळा लाल-हिरव्याच्या जवळ आणला, पण बरोबरीत नाही, थोडा वरच ठेवला. सकाळची हवा त्यातच असते. चिखलदऱ्याच्या शॉटमध्ये उलट केलं. सोनेरीपणा सुमारे निम्मा काढला, म्हणजे वरून लट आली की संध्याकाळ संध्याकाळच राहते. सगळी ऊब काढली असती तर दुपार वाटली असती.

कातडीसाठी व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगाची दिशा आणि गडदपणा दाखवणाऱ्या गोल आलेखावर, Show Skin Tone Indicator चालू करावं. लाल आणि पिवळ्याच्या मधून, घड्याळातल्या अकराच्या दिशेनं एक रेघ येते. गोरा असो की उन्हात रापलेला शेतकरी, सरळ उजेडातल्या कातडीचा रंग या रेघेच्या जवळपास पडतो. फरक उजळपणात आणि रंगाच्या गडदपणात असतो, दिशेत फारसा नसतो. चेहऱ्याभोवती छोटी विंडो आखून बाकी चित्र तात्पुरतं झाकलं की ठिपके कुठे जमतात ते दिसतं. पहिल्या प्रकारात आजोबांचे ठिपके रेघेवरून पिवळ्याकडे सरकले होते आणि केंद्रापासून फार लांब गेले होते. डोळ्यांना केशरी वाटतं ते यातल्या दुसऱ्या गोष्टीमुळे जास्त. लोक रंगाची दिशा फिरवत बसतात, खरं तर आधी सॅच्युरेशन खाली आणायला हवं.

इथे एक अपवाद. चुलीच्या उजेडातला गाल केशरीच असतो, त्याला ओढून रेघेवर आणलं तर काकू आजारी दिसते. हळदीच्या शॉटचंही तसंच, मी लग्नाची कामं करतो म्हणून सांगतो: हळद लागलेला चेहरा रेघेवरून पिवळ्याकडे सरकलेलाच ठेवावा.

या प्रकारात चाळीस शॉटना सव्वा-दीड तास लागतो. चारपैकी तीन शॉट एका घरचे वाटू लागले. बाग मात्र अजून अडली होती.

हातचा रंग

तिसऱ्या प्रकारात लट नाहीच. आधी सावली. उठाव आणायला Contrast 1.10 केला, पण Pivot 0.435 वरून 0.30 पर्यंत उतरवला. पिव्हटच्या वरचं उजळतं आणि खालचं गडद होतं. पिव्हट खाली गेला की दबणारा भाग कमी उरतो. वरचा उजेड त्यामुळे चढतो, तो उजळ भागाच्या Gain चक्रानं थोडा उतरवून घेतला.

मग ऊब. तापमानाची पट्टी ओढली की ऊब सगळ्या चित्राला चढते. त्याऐवजी फक्त Gain चं चक्र किंचित केशरीकडे नेलं आणि सावलीच्या Lift ला हात लावला नाही. ऊन उबदार, सावली काळीच. सिनेमासारखं म्हणताना बहुतेकांना जे हवं असतं ते हा फरक असतो, सरसकट तांबडेपणा नव्हे.

आता बागेची अडचण. कातडी वाचवायची म्हणून रंगावरून भाग निवडणाऱ्या क्वालिफायरनं चेहरा निवडला, तर झाडावरची सगळी संत्री त्यात आली, कारण दोघांच्या रंगाची दिशा जवळजवळ सारखीच. Hue Vs Sat मध्ये केशरी उतरवला तर आजोबा सुधारले, पण संत्री उतरली आणि नागपुरी संत्र्याचा शॉट मोसंबीचा वाटायला लागला. फरक आहे तो रंगाच्या गडदपणात. फळ कातडीपेक्षा कितीतरी गडद. क्वालिफायरमध्ये सॅच्युरेशनची वरची मर्यादा खाली ओढली तशी संत्री निवडीतून गळून पडली. कवडशातला गाल मात्र तिथेही फळाइतका गडद होता, तोही गळाला. म्हणून शेवटी चेहऱ्याभोवती मऊ कडेची विंडो आणि तिला चेहऱ्यामागे हलवणारा ट्रॅकर. आजोबा फारसे हलत नव्हते, तेव्हा पाच मिनिटांत झालं.

कातडी पूर्ण वगळली की चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून ऊब दोन नोडमध्ये वाटली. पहिल्या नोडमध्ये निम्मी, सगळ्या चित्राला. दुसऱ्यात उरलेली निम्मी, पण आजोबांची निवड उलटी करून, म्हणजे चेहरा सोडून बाकी चित्राला. आजोबांना ऊन लागलंय हे दिसतं आणि फळ वेगळं उठून दिसतं.

असं चाळीस शॉटना करायचं तर दोन दिवस जातील. आणि फोनच्या 8 बिट, दाबून साठवलेल्या चित्रात प्रत्येक रंगाच्या 256च पायऱ्या असतात. चुलीचा शॉट आम्ही थोडा जास्त उचलून पाहिला, तर भिंतीवर चौकोनी डाग उठले. मूळ चित्रातच जे वेव्हफॉर्मच्या तळाला टेकलंय, ते कोणत्याही प्रकारानं परत येत नाही.

मग काय निवडावं

भाच्याला मी दुसरा प्रकार घ्यायला लावला, आणि तिसऱ्यातलं फक्त दोन नोडचं काम जिथे चेहरा मोठा आहे अशा सात शॉटपुरतं. त्या सात शॉटमध्ये दुसरा नोड लटेच्या आधी, क्लिपच्या पातळीवर बसतो, म्हणून त्यात ऊब चढवायची नाही. चेहऱ्याचं सॅच्युरेशनच थोडं खाली ठेवायचं, मग लट जेवढं चढवते तेवढं भरून निघतं. 10 बिट लॉगमध्ये चित्रण करणारा आणि तीन-चार मिनिटांचाच व्हिडिओ बनवणारा असेल, त्यानं मात्र लट सोडून तिसराच धरावा. पहिला प्रकार मी कोणालाच सांगणार नाही, Grey Scale च्या परीक्षेत पास झालेली लट असली तरी.

सगळं झाल्यावर Split Screen मध्ये चार चेहरे शेजारी लावून पाहिले. बागेतले आजोबा, वेचणी करणारी बाई आणि चिखलदऱ्याचा भाचा एका रांगेत बसले. काकू तेवढी जास्त तांबूस राहिली. भाचा म्हणे, हिला पण उतरवू. मी आधी त्याच्या लॅपटॉपचा नाइट लाइट बंद केला, जो संध्याकाळी आपोआप चालू झाला होता, आणि मग पुन्हा पाहायला सांगितलं. काकूला आहे तशी ठेवली.