सेल काउंटर वापरून काही महिने झाले: मीटर चांगलाच, पण चारही सडांचं दूध एकत्र करू नका

मीटर दुरुस्तीला गेला तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. हातात मावणारा, कॅसेटमध्ये दूध ओढून मिनिटभरात पेशींचा आकडा दाखवणारा हा मीटर कसा असतो ते बहुतेकांना माहीत आहे, म्हणून ते सांगत बसत नाही.

माझी खरी तक्रार कॅसेटची. एक कॅसेट एकदाच वापरता येते. त्यामुळे माणूस काटकसर करतो आणि गाईच्या चारही सडांचं दूध एका भांड्यात घेऊन एकच चाचणी करतो. विकणारेही हेच सुचवतात. सगळा घोटाळा इथेच होतो.

माझ्या गोठ्यातल्या एका गाईचा एकत्रित आकडा साडेतीन लाख यायचा. मिलिलीटरमागे दोन लाखांच्या वर म्हणजे कासेत कुठेतरी संसर्ग, हा सर्वसाधारण नियम. साडेतीन लाख पाहून वाटतं की कास थोडी बिघडली आहे, बघू पुढे. प्रत्येक सड वेगळा तपासला तेव्हा तीन सड पन्नास-पन्नास हजारांवर होते, म्हणजे अगदी निरोगी. मागच्या उजव्या सडाचा आकडा साडेबारा लाख. चारही सडांचं दूध सारखं धरलं तर सरासरी बरोबर साडेतीन लाखच येते. कास थोडीशी बिघडलेली नव्हतीच, एक सड पुरता आजारी होता. दूध दिसायला स्वच्छ, गाठ नाही, सूज नाही, गाय व्यवस्थित खात होती. सुप्त दगडी म्हणतात ती हीच.

या पेशी बहुतांशी पांढऱ्या रक्तपेशी असतात. सडाच्या छिद्रातून जंतू आत गेले की त्यांच्याशी लढायला त्या रक्तातून कासेत उतरतात. म्हणून आकडा जंतूंचा नसून गाईच्या प्रतिकाराचा असतो. कोणता जंतू आहे हे मीटर सांगत नाही, त्यासाठी त्या सडाचं दूध निर्जंतुक बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत द्यावंच लागतं. आमच्याकडे स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला.

मध्येच मीटर ताज्या नमुन्यालाही एरर दाखवू लागला. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर ठरलेलं: ‘दूध शिळं असेल.’ धार काढल्या काढल्या घेतलेलं दूध शिळं कसं असेल, हे विचारून विचारून कंटाळलो. शेवटी त्यांच्या माणसासमोर एकाच नमुन्याच्या दोन कॅसेट लागोपाठ लावल्या, दोन्ही वेळा एरर आली, तेव्हा कुठे मीटर आत घेतला.

तोवर चार कप्प्यांचं पॅडल आणि सीएमटीचं, म्हणजे कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट या दगडीच्या चाचणीचं, द्रावण वापरलं. पहिल्या धारा टाकून द्यायच्या, चार कप्प्यांत चार सडांचं थोडं थोडं दूध घ्यायचं, तेवढंच द्रावण घालून दहा सेकंद गोल फिरवायचं. द्रावण पेशी फोडतं, आतला डीएनए बाहेर येतो आणि दूध घट्ट होतं. मागच्या उजव्याच्या कप्प्यात लगेच जेली झाली. तेव्हा ठाम मत झालं होतं की मीटरची गरजच नाही.

मीटर परत आल्यावर ते मत बदललं. पॅडलवर जेमतेम तार धरणारा, ‘असेल-नसेल’ वाटणारा एका दुसऱ्या गाईचा सड मीटरवर तीन लाखांवर निघाला. पुढच्या तपासणीत तो आणखी चढला. ही गाय धारेच्या क्रमात त्या आजारी गाईच्या लगेच मागे होती. गोठ्याच्या एकूण दुधाचा आकडा हळूहळू का चढत होता ते इथे उलगडलं: ऑरियस धार काढताना हातातून, फडक्यातून, मशीनच्या लायनरमधून पुढच्या गाईकडे जातो. आजारी गाय धारेत शेवटी नेली, प्रत्येक गाईला वेगळं फडकं दिलं आणि धार झाल्यावर सगळे सड आयोडीनच्या द्रावणात बुडवू लागलो. त्यानंतर नवीन सड बिघडला नाही. जुना मात्र कधी चढतो, कधी उतरतो. ऑरियस दुधात सारखा उतरत नाही, म्हणून एका कमी आकड्यावरून गाय बरी झाली असं मी मानत नाही.

आता आधी पॅडल फिरवतो आणि संशय येईल त्याच सडाला कॅसेट लावतो. वेळही ठरलेली: धार काढण्याच्या आधी. धारेनंतर काही तास आकडा एरवीपेक्षा जास्त येतो, आणि एकदा आधी, एकदा नंतर घेतलेल्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. व्यायल्यानंतरचे पहिले पाच दिवस कॅसेट वाया घालवू नका, चिकात पेशी जास्तच असतात.

घ्यावा का? गाई थोड्या असतील तर नुसतं पॅडल घ्या. एकूण दुधाचा आकडा दर वेळी चढत असेल आणि पॅडलवर काहीच सापडत नसेल, तर मीटर घ्या. मात्र एकाच नमुन्याच्या दोन कॅसेट विकणाऱ्यासमोर लावून बघा आणि दुरुस्ती कोण, किती दिवसांत करून देणार ते लेखी घ्या.