ग्लेअर नोड, काही महिन्यांनंतर: अर्ध्या रेंडरमध्ये चमक, पूर्ण रेंडरमध्ये गायब

ब्लेंडरच्या कंपोझिटरमध्ये, म्हणजे रेंडर झाल्यावर चित्रावर काम होतं तिथे, उजळ भागांभोवती चमक आणणाऱ्या ग्लेअर नोडवर हे लिहायला बसलो ते चिडूनच. अंधारी खोली, टेबलावर एक दिवा, मागे पांढरी भिंत, एवढाच सीन. १९२० पिक्सेल रुंदीच्या चाचणी रेंडरवर ग्लेअरचा फॉग ग्लो प्रकार लावला, दिव्याभोवती मऊ वलय आलं, पाहणाऱ्यांनी मान डोलावली. मग तोच सीन ३८४० रुंदीवर रात्रभर रेंडर केला आणि वलय दिव्याला चिकटून बसलं. एकाही नोडला हात लावला नव्हता.

कारण ग्लेअरच्या साइझमध्ये होतं. ब्लेंडर ४.३ पर्यंत हा आकडा थेट पिक्सेलमधला पसारा ठरवायचा: २ चा ९ वा घात म्हणजे ५१२ पिक्सेल, आणि ९ हीच कमाल. १९२० मध्ये ५१२ म्हणजे रुंदीच्या पाव भागाहून जास्त, ३८४० मध्ये सातवा हिस्साही नाही. वाढवायला पुढे जागाच नाही! पुन्हा छोटं रेंडर करायची माझी तयारी नव्हती, म्हणून आडमार्ग काढला. स्केल नोडने चित्र निम्मं केलं, ग्लेअरचा मिक्स १ वर नेऊन फक्त चमक वेगळी काढली, ती पुन्हा दुप्पट केली आणि मूळ चित्रात अ‍ॅडने मिसळली. चमक मुळातच धूसर असल्याने निम्म्या रिझोल्यूशनचा पत्ता लागत नाही. तरी एका वलयासाठी चार नोड म्हणजे जरा जास्तच.

इथवर माझं मत होतं की हा नोड कामाचा नाही. मग ४.४ वर गेलो आणि ते बदलावं लागलं. आता साइझ चित्राच्या प्रमाणात मोजली जाते, ०.५ म्हणजे अर्ध्या चित्राएवढा पसारा, मग रेंडर कितीही मोठं असो. शिवाय स्ट्रेंग्थ आणि टिंट नोडवरच मिळतात, आणि नुसती चमक वेगळ्या आउटपुटमधून बाहेर येते. माझ्या चार नोडांच्या जागी एकच उरला. ४.२ मध्ये ईव्ही या रेंडर इंजिनातला अशीच चमक देणारा ब्लूमचा चेकबॉक्स काढून टाकला होता, त्याचा रागही थोडा निवळला.

रंग आणि उजेड सावरणाऱ्या कलर बॅलन्स नोडची बाजू वेगळी. तो कुठे जोडायचा हे चवीवर सोडता येत नाही. माझ्या सीनमध्ये इमेज एडिटरमध्ये क्लिक धरून पिक्सेलच्या किमती पाहिल्या: बल्ब ४० च्या आसपास, बल्बाजवळची भिंत १.८, टेबल ०.३. थ्रेशोल्ड म्हणजे ज्या किमतीच्या वरचेच पिक्सेल ग्लेअर पकडतो ती मर्यादा; ती १ असेल तर भिंतही चमकते आणि खोलीत धुकं भरल्यासारखं दिसतं. थ्रेशोल्ड २ केला की फक्त बल्ब उरतो. आता कलर बॅलन्स ग्लेअरच्या आधी जोडा आणि गेन १.२ करा. लिफ्ट-गॅमा-गेन पद्धतीत गेनचा गुणाकार एसआरजीबीत होतो आणि मग किंमत पुन्हा लिनिअरमध्ये येते, त्यामुळे १.८ ची भिंत जवळजवळ २.७ वर जाते. थ्रेशोल्ड ओलांडला, धुकं परत. माणूस मात्र ग्लेअरच्या सेटिंगमध्ये शोधत बसतो. म्हणून माझा क्रम ठरलेला: डिनॉइज, मग ग्लेअर, मग कलर बॅलन्स.

लिफ्टबद्दल एक तक्रार आहेच. तिचा टेकू १ या किमतीवर असतो. लिफ्ट वाढवली की १ च्या खालचं सगळं उजळतं हे बरोबर, पण १ च्या वरचं उलट खाली येतं. दिव्यांच्या सीनमध्ये सावलीत निळसर छटा आणायला लिफ्ट ढकलली की बल्बही पिवळसर होतो, कारण त्याच्यातला निळा कमी झालेला असतो. मी सावल्यांसाठी ऑफसेट-पॉवर-स्लोप पद्धतीकडे वळलो. तिथे ऑफसेट ही सरळ बेरीज असते, ४० च्या बल्बाला ०.०१ ने काही होत नाही. सावलीत मात्र तेवढं लगेच दिसतं, त्यामुळे चाकावर बोट अगदी हळू फिरवावं लागतं.

हे सगळं फुकटात, रेंडर पुन्हा न करता, फक्त एका अटीवर: फाइल ओपनईएक्सआर हवी. आठ बिटांच्या पीएनजीत ४० चा बल्ब असो की कागदासारखी पांढरी वस्तू, १ च्या वर काहीच जात नाही, मग थ्रेशोल्ड १ ला ग्लेअरला पकडायला काहीच उरत नाही. वर स्क्रीनवर दाखवण्यासाठी रंग बदलणारा एजीएक्स आधीच त्यात शिजलेला असतो, तो दुसऱ्यांदा लागला की चित्र फिकुटतं. ईएक्सआर डिस्क खाते, खाऊ दे; रात्रभर मशीन चालवण्यापेक्षा ते स्वस्त.

ग्लेअरचा किरणं काढणारा स्ट्रीक्स प्रकार मात्र अजून बंदच ठेवलाय. डिनॉइजमधून निसटलेला एखादा फायरफ्लाय, शेकड्यांत किंमत असलेला एकच पिक्सेल, भिंतीवर भलामोठा तारा काढतो. ४.४ मधलं मॅक्सिमम हे बंधन त्याला आवरतं, पण ते इतकं खाली आणावं लागतं की बल्बाचा ताराही मरगळतो.