कार्ड दमदार, पण स्क्रीन मठ्ठ: घ्यावा का?

गेल्या दिवाळीत माझ्यासमोर दोन गेमिंग लॅपटॉप होते आणि किमतीत फरक जेमतेम दोन-अडीच हजारांचा. एकात ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, पूर्ण वॅटेजचं, कूलिंगही ऐसपैस. पण स्क्रीन १४४ हर्ट्झची असली तरी उजेड जेमतेम २५० निट्स आणि रंग ४५ टक्के एनटीएससी, म्हणजे फिकेच. दुसऱ्यात ४०५०, आणि स्क्रीनचे रंग १०० टक्के एसआरजीबी, उजेड ४०० निट्स. बाकी उन्नीस-बीस. कुणीही पहिलाच घेईल, मीही घेणार होतो. पण नेमका तोच मिरजेच्या मावसभावाकडे होता. तो लग्नकार्याला गावी गेला आणि दहा दिवस लॅपटॉप माझ्याकडे राहिला.

पहिले दोन दिवस मी खूश. कोपऱ्यात सेकंदाला किती फ्रेम तो आकडा १३०च्या खाली येत नव्हता. तिसऱ्या रात्री एका अंधाऱ्या गल्लीत माऊस झटकन फिरवला आणि दिव्याच्या खांबाला शेपूट फुटलं. थांबलो की खांब स्वच्छ, वळलो की ओल्या रंगावरून बोट फिरवल्यासारखा फराटा. आधी वाटलं मोशन ब्लर चालू असेल. बंद केला, फराटा तसाच. मग डेस्कटॉपवर वेबपेज स्क्रोल करून पाहिलं, तर काळ्या अक्षरांच्या मागेही करडी सावली. म्हणजे दोष गेमचा नव्हे.

कारण साधं आहे. १४४ हर्ट्झवर प्रत्येक चित्राच्या वाट्याला सुमारे ७ मिलिसेकंद येतात. अशा स्वस्त आयपीएस पॅनलच्या पिक्सेलला एका करड्या छटेतून दुसरीत जायला २५-३० मिलिसेकंद सहज लागतात. पहिलं चित्र पुरतं उमटायच्या आत पुढची तीन येऊन धडकतात, आणि आपण बघतो ती चौघांची खिचडी. कार्ड कितीही जोरात पळो, दारात रांग लागलेलीच. कंपनीच्या ॲपमध्ये ओव्हरड्राइव्ह असेल तर शेपूट थोडं आखडतं, पण मग कडेला फिकट प्रभावळ दिसू लागते. भावाच्या लॅपटॉपला तो पर्यायही नव्हता.

अंधुकपणाचं दुखणं त्यामानाने कमी, निदान रात्री. पण आमचं घर विश्रामबागेत, हॉलची खिडकी पश्चिमेला. दुपारी चारनंतर त्या स्क्रीनवर शत्रूऐवजी माझंच तोंड दिसायचं. गॅमा वाढवला की अंधारातलं दिसतं खरं, पण काळा रंग राखाडी होतो आणि गेमची मजाच जाते. चार्जर काढल्यावर स्क्रीन आणखी मंद होत असेल, तर आधी एएमडीचं व्हॅरी-ब्राइट किंवा इंटेलची तशीच वीज वाचवणारी सोय बंद करून बघा. तो दोष पॅनलचा नसतो.

शेवटी मी ४०५०वाला घेतला. फुकट काही मिळालं नाही, हेही सांगतो. त्यात ग्राफिक्स मेमरी ६ जीबी, ४०६०मध्ये ८. नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर ‘हाय’वर ठेवले की मध्येच हिसके बसतात, म्हणून मी मुकाट ‘मीडियम’वर येतो. भाऊ ज्या सेटिंगवर आरामात खेळतो तिथे माझा धापा टाकतो. पण मीडियमवरचं स्वच्छ चित्र मला अल्ट्रावरच्या फराट्यापेक्षा बरं वाटतं. डोळे ज्याचे त्याचे. भावाला तो फराटा मी दाखवेपर्यंत दिसलाच नव्हता, आणि दाखवल्याबद्दल तो अजून मला शिव्या घालतो.

“मग मॉनिटर घे की!” हा त्याचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. टेबलावरच खेळणार असाल आणि मॉनिटर घरात असेल, तर निमूट ४०६० घ्या. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपांत एचडीएमआय थेट ग्राफिक्स कार्डाला जोडलेला असतो, त्यामुळे चार फ्रेम जास्तच मिळतात. माझं तसं नाही. मी कधी हॉलमध्ये, कधी गच्चीवरच्या खोलीत, शनिवारी साताऱ्याला मामाकडे. मॉनिटर काखोटीला मारून एसटीत कोण चढणार? पॅनल बदलून घेण्याचाही विचार केला होता, पण कनेक्टर जुळवा, वॉरंटीवर पाणी सोडा, एवढं करण्यापेक्षा आधीच चांगली स्क्रीन घेतलेली बरी.

एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन वेगवेगळी पॅनल येतात, म्हणून नावावर जाऊ नका, पूर्ण मॉडेल क्रमांक तपासा. निट्स आणि एसआरजीबीचा आकडा कुठेच छापला नसेल तर मी तरी वाईटच धरून चालतो. दुकानात testufo.com उघडा आणि सरकणाऱ्या तबकडीवर नजर ठेवून तिच्यामागे किती सावल्या येतात ते बघा. दुकानदार “स्क्रीन सगळ्यांची सारखीच असते हो” म्हणाला, तर ब्राइटनेस पूर्ण करून लॅपटॉप तसाच उचला आणि दारापाशी उजेडात न्या.