बोर्डाच्या स्क्रीनशॉटवरून कामांची यादी: सात महिने वापरून

अंबडला आमचं इलेक्ट्रिकल पॅनल बनवायचं छोटं युनिट आहे आणि प्लॅनिंग माझ्याकडे. पुण्याचा एक ग्राहक त्यांच्या प्रोजेक्ट बोर्डाचं लॉगिन आम्हाला देत नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर बोर्डाचा फोटो येतो, खाली एक ओळ, "मॅडम, तुमची कामं बघून घ्या." सोमवारी सकाळी मला त्यातून काम, जबाबदार माणूस आणि तारीख अशी शीट शॉप फ्लोअरवर लावायची असते. आधी हाताने टाइप करत होते. सात महिन्यांपासून Tesseract हे चित्रातली अक्षरं वाचून मजकूर देणारं सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, मराठीही वाचतं, फक्त इन्स्टॉल करताना मराठीची फाइल आठवणीने निवडायची.

पहिल्या दिवशी अख्खं चित्र दिलं आणि खिचडी मिळाली. बोर्डावर चार रकाने शेजारीशेजारी असतात, प्रत्येकात एकेका कामाचं कार्ड, आणि हे वाचतं आडव्या ओळीने, त्यामुळे "बसबार ड्रॉइंग मंजुरी" आणि शेजारचं "पेंट शेड नक्की करणे" एकाच ओळीत आले. आता आधी रकाने कापते. त्यांचा बोर्ड काळ्या पार्श्वभूमीचा आहे, वाचायला मात्र पांढऱ्यावर काळी अक्षरं लागतात, म्हणून रंग उलटे करते आणि आकार दुप्पट करते.

```
magick board.png -crop 4x1@ +repage -resize 200% -negate col-%d.png
tesseract col-0.png col-0 -l mar+eng --psm 6
```

पहिली ओळ ImageMagick ची, ती चित्राचे चार समान उभे तुकडे करते, म्हणून डावीकडची मेनूची पट्टी आधीच छाटायची, नाहीतर सुरी कार्डांच्या मधूनच फिरते. दुसरी ओळ एकेका तुकड्यावर चालवायची. शिवाय फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. साध्या फोटोत आकार दाबला जातो आणि तारखेची बारीक अक्षरं सगळ्यात आधी जातात.

एवढं केलं की कामांची नावं बऱ्यापैकी स्वच्छ येतात. अडतं ते पुढे, कारण माणूस आणि तारीख बोर्डावर धड लिहिलेलीच नसतात.

माणूस म्हणजे कार्डाच्या कोपऱ्यातला रंगीत गोल, आत दोन अक्षरं. ती बहुतेक वेळा वाचलीच जात नाहीत, वाचली तर SP चं 5P होतं. आणि नीट वाचली तरी आमच्याकडे स्टोअरचे पाटील आणि वायरिंगचे पवार, दोघंही SP! फरक फक्त रंगाचा, निळा पाटील, नारिंगी पवार. म्हणून रंग आणि अक्षरांचा छोटा तक्ता करून ठेवलाय आणि हा रकाना मी डोळ्यांनी बघून हातानेच भरते. गोलाशेजारी "+2" असेल तर आणखी दोघं लपलेले असतात. तिथे अंदाज करायचा नाही, फोन करायचा.

तारखांनी मला खरा धडा दिला. २६ डिसेंबर २०२५ च्या शुक्रवारचा बोर्ड मी सोमवारी, २९ ला उघडला. बसबारच्या कार्डावर "Tomorrow" होतं. मी उद्या म्हणजे ३० लिहून मोकळी झाले. तो "उद्या" होता शनिवार, २७. ड्रॉइंग तेव्हाच द्यायचं होतं. त्याच बोर्डावर दुसऱ्या कार्डाची तारीख होती "5 Jan". एक्सेलमध्ये तशीच टाकली, त्याने चालू वर्ष लावलं, आणि ते काम ५ जानेवारी २०२५ चं, जवळजवळ वर्षभर रखडलेलं म्हणून यादीच्या डोक्यावर जाऊन बसलं. मालकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

तेव्हापासून तारखेचे दोन रकाने ठेवते, एकात बोर्डावर दिसलं तसंच्या तसं, दुसऱ्यात पक्की तारीख वर्षासकट. पक्की तारीख फोटो काढलेल्या दिवसावरून मोजते, मी उघडला त्या दिवसावरून नाही. तो दिवस कळावा म्हणून त्यांना पूर्ण स्क्रीनचा फोटो मागितलाय, खालचं घड्याळ दिसेल असा. रकाने कापण्याआधी ते बघून घ्यायचं. विंडोजच्या स्निपिंग टूलने काढला असेल तर फाइलच्या नावातच तारीख असते, `Screenshot 2025-12-26 181512.png` अशी. कार्डावर तारीखच नसेल तर रकाना रिकामा. आजूबाजूच्या कार्डांवरून सोयीची तारीख भरायची नाही.

शेवटी कार्डं मोजते. मागच्या आठवड्यात बोर्डावर १७ कार्डं, शीटमध्ये १९ ओळी. दोन कार्डांची नावं दोन ओळींत होती, ती वेगळी कामं म्हणून आली होती. उलट झालं, म्हणजे ओळी कमी भरल्या, तर एखादं कार्ड खालच्या कडेला अर्धं कापलेलं असतं. रकाना खाली सरकवून दुसरा फोटो मागवावा लागतो.

वेळ म्हणाल तर पूर्वी पाऊण तास जायचा, आता वीस मिनिटं, त्यातली दहा-बारा माणसं आणि तारखा पक्क्या करण्यात. कार्डाच्या आत काय आहे, म्हणजे चेकलिस्ट, शेरे, जोडलेलं ड्रॉइंग, ते फोटोत येतच नाही. तेवढ्यासाठी लॉगिन मागणं अजून चालूच आहे.