जुलाब आणि ताप एकत्र आले की लहान मुलाला काय द्यायचं: घरात ऐकू येणारे सल्ले समोरासमोर ठेवून

पावसाळा सुरू झाला की आमच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात घरटी एक तरी पोरगं जुलाबाने आडवं होतं. मी मुलांच्या ओपीडीत आहाराचं बघते, त्यामुळे रोज तेच प्रश्न येतात आणि प्रत्येक घरात दोन पार्ट्या असतात, एक म्हणते पोटाला आराम द्या, दुसरी म्हणते काहीतरी पोटात जाऊ दे. मागच्या जुलैत हेच माझ्या नणंदेच्या घरी झालं, मुलगा अडीच वर्षांचा, वजन १२ किलो, सकाळपासून पाच पातळ शी झाल्या होत्या, ताप १०१, एकदा उलटी. मी पोचले तेव्हा नणंदेच्या सासूबाई त्याला ग्लुकोज पावडरचं पाणी पाजत होत्या, दूध, केळं, भात सगळं बंद, फक्त चहात बुडवलेला टोस्ट चालू. त्यांनी हे सगळं मायेनेच केलं होतं, चाळीस वर्षं हेच ऐकलंय त्यांनी.

पहिला निर्णय पाण्याचा. ओआरएस, ग्लुकोजचं पाणी, नारळपाणी, पेज, यातलं काय निवडायचं?

ओआरएस हेच खरं, बाकी सगळं त्याला जोड. कारण असं की आतड्यात साखर आणि मीठ एकमेकांचा हात धरून आत जातात आणि त्यांच्या मागून पाणी शोषलं जातं, जुलाबातही हा दरवाजा उघडाच असतो. म्हणून दोन्ही ठराविक प्रमाणात लागतात. नुसत्या ग्लुकोजच्या पाण्यात मीठ जवळपास नसतंच आणि साखर जास्त झाली की ती उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढते, म्हणजे शी आणखी पातळ. कोल्ड्रिंक आणि पॅकबंद ज्यूसचंही तेच. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम फार कमी, त्यामुळे मधेमधे द्यायला छान, ओआरएसच्या जागी नाही. तांदळाची मीठ घातलेली पेज मात्र मला मनापासून आवडते, तिच्यातला स्टार्च हळूहळू ग्लुकोज होतो त्यामुळे एकदम गोडाचा मारा होत नाही. ओआरएस आणायला कुणी केमिस्टकडे जाईपर्यंत पेज लावाच. आणि हो, ओआरएस लिहिलेले टेट्रापॅक म्हणून जी गोड पेयं विकली जायची ना, त्यांच्या नावात तो शब्द वापरायला एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केलीये, तरी घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का ते वाचा.

आता चूक कुठे होते ते सांगते कारण ही मी आठवड्यातून दोनदा तरी बघते. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, लोक त्यातलं अर्धं एका ग्लासात टाकतात, "थोडं थोडंच पितो ना तो". असं करू नका, ते पाणी इतकं खारट होतं की बाळाच्या रक्तात सोडियम वाढून धोका होऊ शकतो. अख्खं पाकीट, मोजून एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, साखर घालायची नाही, दुधात मिसळायचं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. छोटी २०० मिलीची पाकिटंही मिळतात, मग एकाच मुलासाठी तीच सोयीची. पाणी उकळा असं आवर्जून सांगतेय कारण याच भागात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस या नसांच्या आजाराची साथ आली तेव्हा काही रुग्णांच्या शीच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता, तो दूषित पाण्यातून आणि अर्धकच्च्या चिकनमधून पोटात जातो.

किती द्यायचं? दोन वर्षांखालच्याला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्याला १०० ते २००. आमच्या पिल्लूने पेल्याने दोन घोट घेतले आणि लगेच ओकला, नणंद म्हणाली "वहिनी, हे त्याला पचतच नाहीये". मी म्हटलं दहा मिनिटं थांब, मग छोट्या चमच्याने, दीड मिनिटाला एक चमचा. २० चमचे म्हणजे १०० मिली, अर्धा तास लागला, पण सगळं पोटात राहिलं. एक लक्षात ठेवा, ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, गेलेलं पाणी भरून येतं. "देऊनही शी होतीच आहे" म्हणून ते बंद करू नका.

दुसरा निर्णय खाण्याचा. आराम द्यायचा की खायला द्यायचं? इथे माझं मत ठाम आहे, उपाशी ठेवायचं नाही. आतड्याचं अस्तर सावरायला अन्नच लागतं आणि तापात शरीर नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा जाळतं, त्यात आपण ताट काढून घेतलं तर चार दिवसांत पोराचं वजन उतरतं. चहा-टोस्ट आणि नुसतं वरणाचं पाणी यांनी पोट भरल्यासारखं वाटतं पण त्यात असतं काय? साबुदाण्याची खीर पण जवळपास नुसता स्टार्च. त्यापेक्षा मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, चमच्यावर ठरेल इतकी घट्ट, वर एक छोटा चमचा तूप, सोबत दही. केळं द्या, त्यातून पोटॅशियम मिळतं. भात, दही, केळ्याने ताप वाढतो किंवा सर्दी होते हे सोडून द्या, व्हायरल ताप व्हायरसमुळे येतो. फक्त जबरदस्ती नको, तोंडाला चव नसते तेव्हा दोन-अडीच तासांनी चार-पाच घास पुरे.

दुधाबाबत मात्र थोडं बघावं लागतं. अंगावरचं दूध कधीच बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा. वरचं दूध नेहमीचंच, पाणी न घालता. दर वेळी दूध प्यायल्यावर फेसाळ, आंबूस वासाची शी होऊन ढुंगण लाल होत असेल तर काही दिवस दूध कमी करून दह्यावर राहायचं, आतडं बरं झालं की दूध परत पचतं.

यासोबत डॉक्टर झिंक देतात, सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिग्रॅ रोज, १४ दिवस. शी तिसऱ्या दिवशी घट्ट झाली की लोक बाटली ठेवून देतात, पण पूर्ण करा. मोठ्यांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या लहान मुलांना घरच्या घरी नाहीच.

थांबायचं कधी नाही तेही सांगते. सहा-आठ तास शू नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल, मूल मलूल पडलंय, किंवा पिऊच शकत नाही, शीमध्ये रक्त, घेतलेलं सगळं ओकतंय, यातलं एकही दिसलं तर चमचा-वाटी करत बसू नका, थेट हॉस्पिटल. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर जुलाब लागल्या दिवशीच दाखवा.

पिल्लूने संध्याकाळी सात वाजता भरपूर शू केली, तेव्हा सासूबाईच आधी म्हणाल्या "आता बरा दिसतोय गं". रात्री खिचडीचे पाच घास त्यांनीच भरवले, तूप घालून. तिसऱ्या दिवशी ताप गेला, शी घट्ट व्हायला पाच दिवस लागले, आणि पुढचे दोन आठवडे आम्ही दिवसात एक जेवण वाढवलं, दुपारी चार वाजता, कधी केळं आणि शेंगदाण्याचं कूट, कधी तूप-गुळाची पोळी. वजन १२ वरून ११.४ झालं होतं, महिनाअखेरीस परत १२.१ भरलं.